टमरेल, टॉर्च आणि कलम २१

(वाचनालयाच्या दिवाळी व्याख्यानमालेतील भाषण, बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष, वाचनालयाची सगळी मंडळी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘खासगीपणाचा अधिकार व शासकीय हस्तक्षेपाच्या कसोट्या’. हे वाचून कोण येते, असं मी सचिवांना म्हटलं होतं. ते म्हणाले, “येतात भाऊ. सोयाबीन निघालं, कापूस अजून फुटाचा हाय, लोक मोकळेच हायेत.” म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आला नाहीत, कापूस फुटला नाही म्हणून आला आहात. चालते. साडेनऊला इथं भजनी मंडळ बसणार आहे हेही मला दोनदा सांगून झालंय.

तालुक्याच्या कोर्टात माझी हयात गेली. त्यातून माझं एक मत झालंय आणि आज तेच मांडायचं आहे. सरकारचा माणूस दारात आला, की आपण त्याच्याशी चुकीच्या मुद्द्यावर भांडतो. तो म्हणतो, “गावाच्या भल्यासाठी आहे.” आपण म्हणतो, “यात कायचं भलं?” संपलं, तिथंच आपण हरलो. भल्याचा मुद्दा दुसरा आहे. पहिला मुद्दा वेगळाच आहे आणि तो कोणी विचारतच नाही. तो कोणता, ते एका दरोड्याच्या गोष्टीतून सांगतो.

उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाचा माणूस होता. १९४१ साली एका दरोड्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी त्याला पकडलं. पुरावा नाही म्हणून तो सुटला. सुटला खरा, पण ठाण्यात त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली गेली. हिस्ट्रीशीट म्हणजे काय ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको; हसू नका, मी कोणाकडे पाहून बोललो नाही. मग सुरू झालं. रात्री-बेरात्री गावचा चौकीदार आणि शिपाई यायचे, दार ठोकायचे, ओरडायचे. हा झोपेतून उठून दार उघडणार, “हाय बाप्पा घरी” असं दाखवणार, मग ते जाणार. परगावी जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं, कुठे जातो, कधी येतो. तो जिथं जाईल तिथल्या ठाण्याला आधीच कळवलेलं असायचं. पोलिसांच्या नियमावलीत २३६ नंबरचा नियम होता. घरावर लपून पाळत ठेवायची, रात्री घरी जाऊन पाहायचं, त्याची मिळकत किती, उठबस कोणाशी, याची चौकशी करायची, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं.

हा गडी सुप्रीम कोर्टात गेला. विचार करा, दरोड्याचा संशयित, खेड्यातला, आणि थेट दिल्लीला. १८ डिसेंबर १९६२ ला सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. कोर्टानं सरकारी वकिलांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की ही नियमावली म्हणजे कायदा नव्हे. विधिमंडळानं ती केलेली नाही, कायद्यानं दिलेल्या अधिकारातूनही ती आलेली नाही. पोलीस खात्यानं आपल्याच माणसांना दिलेल्या त्या सूचना. आता संविधानाचं कलम २१ काय म्हणते? कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. मग कायदाच नसेल तर रात्रीचं दार ठोकणं टिकेल कसं? कोर्टानं नियमाचा तेवढा भाग उडवला.

बाकीची पाळत मात्र ठेवली. आणि जाता जाता बहुमतानं लिहिलं, की खासगीपणा हा काही आपल्या संविधानानं दिलेला हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की खासगीपणा हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचाच अंगभूत भाग आहे आणि सगळाच नियम रद्द व्हायला हवा. त्यांच्या बाजूनं आणखी एकच न्यायमूर्ती होते. बहुमताचं ते एक वाक्य पुढची पंचावन्न वर्षं सरकारच्या वकिलांनी जपून ठेवलं. आधारचं प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा २०१५ मध्ये केंद्र सरकारनं तेच काढून दाखवलं, की साहेब, सहा न्यायमूर्तींनी सांगितलंय, असा हक्कच नाही.

आता माझ्या मामाची गोष्ट. हो, हेच ऐकायला काहीजण आले आहेत, मला माहीत आहे. ज्यांनी आधी ऐकली त्यांनी शेवट फोडू नये.

मामा सत्तरीचा, काळ्या शिवारातला कास्तकार. आपल्याकडे गुड मॉर्निंग पथकं फिरत होती ते आठवते ना? पहाटे शिट्ट्या, टॉर्च, कोणाच्या हातात गुलाबाचं फूल, कोणाकडे हार. पथकात ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई, शाळेचे मास्तर, कधी एखादा पोलीस. मामाकडे संडास नव्हता असं नाही. बारा हजारांच्या अनुदानात बांधलेला होता, भिंतीवर घोषणाही होती. पण आपली काळी माती पाणी जिरवत नाही. पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब भरला आणि जमिनीतून पाणी उलटं भांड्यात यायला लागलं. उन्हाळ्यात याच्या उलट, टँकर येईल तेव्हा पाणी. माणूस प्यायला ठेवेल का संडासात ओतेल? तर मामा पहाटे टमरेल घेऊन नाल्याकडे निघाला. नेहमीची जागा, बाभळीच्या आड.

तो बसला आणि तोंडावर टॉर्च आला. मामा म्हणतो, “मले वाटलं रानडुकरावाले हायेत.” त्यानं हातच जोडले. एका हातात टमरेल होतं, म्हणजे टमरेलासकट जोडले. तेवढ्यात मोबाईलचा फोटो निघाला. मामा म्हणाला, “साहेब, धोतर तं सावरू द्या, मंग काढा ना फोटो.” पथकातले एक मास्तर पुढे आले, ते याच्याच पोराचे वर्गमित्र. खाली मान घालून म्हणाले, “काका, आमचा नाईलाज हाय. वरून आदेश हाय.”

हे तीन शब्द लक्षात ठेवा: वरून आदेश हाय.

फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, कारवाई केल्याचा पुरावा म्हणून. त्या ग्रुपवर पंचायतीचे सदस्य होते. शेजारच्या गावच्या सदस्यांत मामाचे व्याही होते. पोरीच्या सासऱ्यानं सकाळी चहा पिता पिता व्याह्याचा तसला फोटो पाहिला! त्यांनी फोन केला, पण बोलले काय, तर यंदा तुरीचं कसं काय. मामाला कळलंच. पुढे कितीतरी दिवस तो पारावर आला नाही. अक्षय्य तृतीयेला पोरीकडे जायचं टाळलं. दंड झाला असता तर त्यानं भरला असता आणि चार शिव्या देऊन मोकळा झाला असता.

तुम्ही हसलात, मीही दरवेळी हसतो. पण राजस्थानात प्रतापगडला जून २०१७ मध्ये अशाच पहाटेच्या मोहिमेत बायकांचे फोटो काढू नका म्हणून एक माणूस आडवा झाला. त्या दिवशी तो मेला. घरचे म्हणाले मारहाणीनं, प्रशासन म्हणालं हृदयविकारानं. त्यानंतर दोन महिन्यांनी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला.

हा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध अर्ज केला होता. त्यातला हक्काचा प्रश्न तेवढा वेगळा काढून नऊ न्यायमूर्तींपुढे ठेवला. नऊच्या नऊ जणांनी एकमुखानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि खरकसिंगमधलं ते वाक्य चुकीचं होतं. नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. त्यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलंय, की घरातल्या माणसांचा आडोसा राहील असं घर कसं बांधावं हे गृह्यसूत्रांत आहे, आणि मालकाला न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्रात मनाई आहे. म्हणजे खासगीपणा हे शहरातल्या लोकांचं फॅड आहे, असं कोणी म्हटलं तर त्याला कौटिल्याकडे पाठवा.

आणि मामाच्या कामाची गोष्ट न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिली. खासगीपणा माणसाला चिकटलेला असतो, जागेला नाही. सार्वजनिक जागी आला म्हणून माणूस तो गमावत नाही. “नाला काय त्याच्या बापाचा हाय का?” असं मला ग्रामसेवकांनी विचारलं होतं. नाला सरकारचाच आहे. धोतर मामाचं आहे.

अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. चिठ्ठीही आली. बरं, कसोट्यांकडे येतो, त्या सांगायलाच तर बोलावलंय.

हक्क आहे म्हणजे सरकारनं कधीच आत डोकवायचं नाही, असं कोर्ट म्हणत नाही. डोकवायचं तर अटी आहेत, आणि त्या थ्रेशरच्या चाळण्यांसारख्या एकाखाली एक आहेत. वरच्या चाळणीत अडकलं ते खाली जातच नाही.

सगळ्यात वर, कायदा पाहिजे. परिपत्रक, तोंडी सूचना, बैठकीत ठरलं, यातलं काही चालत नाही. मामाचं पाहा. उघड्यावर घाण केली म्हणून पोलीस कायद्याखाली दंड करता येतो, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण बसलेल्या माणसाचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्याचा अधिकार कोणत्या कायद्यात आहे? मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून एवढंच विचारलं: ज्या आदेशानं फोटो काढले, त्याची प्रत द्या. उत्तर आलं, “असा आदेश या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.” वर कोणी नव्हतंच! खरकसिंगचं दार ठोकणं १९६२ साली ज्या ठिकाणी पडलं, नेमकं त्याच ठिकाणी हा फोटो पडतो. आणि मोबाईलच्या सिमला आधार जोडा म्हणून मागे लागले होते ना? २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ते इथंच गळालं, कारण त्यामागे मार्च २०१७ चं एक परिपत्रक होतं, कायदा नव्हता. अतिरेक्यांना सिम मिळू नये हा हेतू चांगलाच होता. पण हेतूपर्यंत पोचायची पाळीच आली नाही. मी सुरुवातीला जो पहिला मुद्दा म्हटलं तो हा.

पण कायदा असला की सगळं माफ, असंही समजू नका. खरकसिंगसारखंच प्रकरण मध्य प्रदेशातून आलं, गोविंद नावाच्या माणसाचं, १९७५ साली निकाल लागला. तिथले पोलीस नियम पोलीस कायद्यानं दिलेल्या अधिकारात केलेले होते, म्हणून ते वाचले. फक्त कोर्टानं बजावलं, की रात्रीच्या फेऱ्या ज्यांच्यापासून समाजाला खरोखर धोका आहे त्यांच्याचपुरत्या. सवय म्हणून कोणाचंही दार ठोकायचं नाही. म्हणजे कायद्याच्या खाली आणखी काही पाहावंच लागते.

तिथं हेतू येतो. हेतू रास्त असावा. गाव हागणदारीमुक्त करणं रास्तच आहे, लहान पोरांची हगवण थांबते. सरकारचे बहुतेक हेतू इथून पार होतात, म्हणून तर आपण इथं भांडू नये म्हणतो.

खरी लढत पुढे, प्रमाणात. वकिली भाषेत याचे तीन-चार पदर आहेत, मी दोनच सांगतो. योजलेल्या उपायानं ते काम होते का? आणि कमी त्रासाच्या, पण तेवढ्याच गुणाच्या दुसऱ्या उपायानं झालं नसतं का? मामाच्या फोटोनं शोषखड्डा आटत नाही, टँकर लवकर येत नाही. खड्डा दुसऱ्या जागी मुरूम-रेती टाकून केला असता, पाण्याची सोय केली असती, गेला बाजार दंडाची पावती फाडली असती, तर इज्जत न घेता काम झालं असतं. बँक खात्याला आधार जोडण्याचं आधारच्या निकालात असंच झालं. त्याला नियम होता, काळा पैसा रोखायचा हेतूही होता. पण दोन-चार लबाडांसाठी प्रत्येक खातेदाराला संशयित धरायचं आणि जोडणी नाही केली तर खातं बंद, हे प्रमाणाबाहेर आहे असं कोर्टानं म्हटलं. मधून कोणीतरी “रेशन?” म्हणालं. रेशनचं टिकलं, भाऊ. सरकारी खर्चातून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागायला कायद्यात कलम आहे आणि बहुमतानं ते मान्य केलं. पॅन कार्डची जोडणीही टिकली. माझं मत वेगळं आहे, पण माझ्या मतावर अंगठ्याचं मशीन चालत नाही.

शेवटी, गैरवापर होऊ नये म्हणून पहारा. त्या नऊ जणांतल्या न्यायमूर्ती कौल यांनी ही अट वेगळी करून मांडली, पण तिचा नमुना १९९६ च्या फोन टॅपिंगच्या निकालात आहे. हुकूम गृहसचिवानंच द्यायचा, लेखी, कारणांसकट, दोन महिन्यांची मुदत, वाढवून वाढवून सहा महिने, समितीनं तपासायचं, काम संपलं की नकला नष्ट करायच्या. आता मामाचा फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये आहे, कोणी पुढे पाठवला, कधी पुसणार, हे कोण सांगेल? कोणीच नाही.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा निव्वळ तेवढ्यावरून बाद होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७३ साली म्हटलंय, आणि सरकारी वकील अजून तेच वाचून दाखवतात. पण आपल्या मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. दहा लाखांच्या लाचेच्या आरोपात एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन हुकूम निघाले होते. कायदा होता, गृहखात्याच्या सह्या होत्या. कोर्टानं विचारलं, कायद्यात लिहिलंय सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. एका लाचेत यातलं काय आहे? तिन्ही हुकूम रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करा म्हणून सांगितलं. म्हणजे नुसतं कलम दाखवून भागत नाही, त्या कलमातली अट इथं बसते का, हेही विचारा.

पेटी लागली वाटते. एकच प्रश्न घेतो. काय म्हणता? “पोलीस राती दार वाजवते तं उघडाव का नाई?”

चांगला प्रश्न आहे. आधी आतूनच नाव आणि ठाणं विचारा. अटक करायची असलेला माणूस तुमच्या घरात आहे असं समजायला कारण असेल, तर कायद्यानंच त्यांना आत यायचा अधिकार दिलाय. तिथं आडवे होऊ नका, उगाच आणखी एक कलम लागेल. नुसतं “घरी हाये का पाहाले आलो” म्हणत असतील, तर कोणत्या आदेशानं, हे विचारा आणि आदेश दाखवा म्हणा. घरातल्या बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, ती पाहायला मागा. झडती घ्यायची तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे तिचं व्हिडिओ चित्रण करावं लागते. पंच कोण आहेत ते पाहा. त्यांनी तुमच्या घरून जे नेलं त्याच्या यादीची प्रत तुम्हाला द्यावीच लागते. ती हातात पडेपर्यंत सही करायची घाई करू नका.